तळहातावर फोड, तोंडात जखमा : पहिले चार दिवस घरी कसे काढायचे?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक तक्रार रोज ऐकू येते. ‘ताप कालच उतरला, पण आता पोर काही तोंडातच घेत नाही. दूध दाखवलं की रडतं, लाळ मात्र सारखी गळते.’ डॉक्टर आधी तोंडात बॅटरी मारतात, मग मुलाचे तळहात उलटे करून पाहतात आणि सांगतात की हा ‘हँड, फूट अँड माउथ डिसीज’ आहे. मराठीत सरळ म्हणायचं तर हात, पाय आणि तोंडाचा फोडांचा ताप. २०२२ साली केरळमधून ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याच्या बातम्या आल्या, तोही तपासाअंती याच आजाराचा प्रकार निघाला. गुरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकूत रोगाशी मात्र याचा काही संबंध नाही. त्याचा विषाणू वेगळा आहे आणि तो गोठ्यातून तुमच्या मुलापर्यंत आलेला नाही.

हा आजार बहुतेक मुलांत सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. विषाणू मारणारं औषध त्यावर नाही, आणि अँटिबायोटिकचा उपयोगही नाही, कारण ते जिवाणूंवर चालतं. म्हणून पालक विचारतात, ‘मग आम्ही करायचं काय?’ करायचं एकच, पण ते नीट करायचं. तोंड दुखत असताना मुलाच्या पोटात पुरेसं पाणी जात राहील असं पाहायचं. या आजारात दवाखान्यात दाखल व्हावं लागलेली बरीच मुलं फोडांमुळे नाही, तर अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे दाखल होतात. आणि ते घरी टाळता येतं.

ओळखायचं कसं?

समजा, सई नावाची दीड वर्षाची, ११ किलो वजनाची मुलगी आहे. ती पाळणाघरात जाते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात, त्यामुळे लागण कुठून झाली हे घरच्यांना बहुतेकदा आठवतही नाही.

सोमवारी संध्याकाळी सईला १०१.५ फॅरनहाइट ताप येतो. ती किरकिर करते, जेवण अर्धं टाकते. घरात सगळ्यांना वाटतं, दात येत असतील. मंगळवारी ताप तसाच असतो आणि दुपारी ती दुधाची बाटली तोंडात घेते, एकदा ओढते आणि ढकलून देते. तोंडात पाहिलं तर जिभेवर, गालाच्या आतून आणि टाळूच्या मागच्या भागात लाल ठिपके दिसतात. ते फुटून मधे पिवळट-पांढऱ्या, कडेने लाल अशा छोट्या जखमा होतात. बुधवारी तळहात, तळपाय, बोटांच्या कडा, ढुंगण आणि गुडघ्यांभोवती पुरळ येतं. तळहातावरचे फोड तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आणि राखट दिसतात, फारसे खाजत नाहीत. याच सुमाराला ताप उतरू लागतो. गुरुवारपर्यंत तोंड सगळ्यात जास्त दुखतं. शुक्रवार-शनिवारपासून ती थोडं थोडं खाऊ लागते आणि पुढच्या आठवड्यात फोड सुकून जातात.

सगळ्या मुलांचं वेळापत्रक असंच नसतं. कुणाला फक्त तोंडातच जखमा होतात, कुणाला ताप जाणवतही नाही. काही विषाणूंमुळे, विशेषतः कॉक्सॅकी ए-६ या प्रकारामुळे, फोड मोठे येतात आणि हातपाय, तोंडाभोवतीचा भाग भरून जातो. दिसायला भीतीदायक असले तरी तेही तसेच बरे होतात.

घरातली वडीलधारी माणसं हे पाहून ‘कांजिण्या आल्या’ म्हणतात. कांजिण्यांत फोड आधी छाती, पोट, पाठ आणि डोक्याच्या केसांत येतात, खूप खाजतात आणि तळहात-तळपाय बहुधा मोकळे असतात. इथे नेमकं उलटं असतं. हिरड्या सुजून लाल झाल्या असतील आणि त्यांतून रक्त येत असेल, तर तो नागिणीच्या कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूचा, हर्पीसचा, आजार असू शकतो. त्याला वेगळं औषध असतं, म्हणून तोंडाच्या जखमा एकदा डॉक्टरांनी पाहिलेल्या बऱ्या. बोटांच्या बेचक्यांत रात्री खूप खाज येत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर ती खरूज समजावी. ताप पाच दिवस टिकला, डोळे लाल झाले, ओठ लालभडक होऊन चिरले, तर हा आजार नाही असं धरून लगेच दाखवावं. निदानासाठी सहसा रक्ततपासणी लागत नाही, नजरेनंच ओळख पटते. मात्र पावसाळ्यात ताप तीन दिवसांपुढे गेला, तर डॉक्टर डेंग्यूची तपासणी सांगतात आणि ती करून घ्यावी.

ताप आणि वेदनेचं औषध : बाटलीवरचा आकडा वाचा

या आजारात पॅरासिटामॉल दोन कामं करतं. ताप कमी करतं आणि तोंडाची वेदना कमी करतं. दुसरं काम इथे जास्त महत्त्वाचं आहे. ‘ताप नाही, मग औषध कशाला?’ असं म्हणून गुरुवारी औषध बंद केलं, तर नेमकं तोंड सर्वांत दुखत असताना मूल उपाशी राहतं.

मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. दर वेळी एका किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. ११ किलोच्या सईसाठी एका वेळची मात्रा ११० ते १६५ मिलिग्रॅम झाली. आता घोळ होतो तो इथे. पॅरासिटामॉल आपल्याकडे निरनिराळ्या तीव्रतेत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलिलिटरमागे २५०, आणि लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरमागेच १०० मिलिग्रॅम. सईला १२५च्या सिरपचे सुमारे ६.५ मिलिलिटर पुरतात, २५०च्या सिरपचे सव्वातीन, आणि थेंबांच्या बाटलीतले फक्त दीड मिलिलिटर. पूर्वीच्या चिठ्ठीवरचे साडेसहा मिलिलिटर लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून तेवढंच ओतलं, तर मुलीच्या पोटात ६५० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. म्हणून बाटली बदलली की मात्रा पुन्हा डॉक्टरांकडून किंवा दुकानातल्या फार्मासिस्टकडून विचारून घ्या, आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबत येणारं माप वापरा. सर्दी-खोकल्याच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. दोन्ही एकत्र दिली तर मात्रा दुप्पट होते.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्लाचं सिरप घरात उरलेलं असतं आणि त्यानं ताप लवकर उतरतो, असा अनेकांचा अनुभव असतो. पावसाळ्यात मात्र ते स्वतःहून देऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अंगात पाणी कमी असलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो. अ‍ॅस्पिरिन तर लहान मुलांना देऊच नये. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तर कोणताही ताप घरी न सांभाळता त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

तोंडाला काय लावू नये

तोंड आलं की घराघरात टाकणखार मधातून लावण्याची पद्धत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मूल ते गिळतं, आणि लहान मुलाच्या पोटात ते विषारी ठरू शकतं. बोरोग्लिसरीनही त्याच जातीचं, म्हणून तेही नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, चाटवायलाही नाही, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

दुकानात मिळणारी, तोंड बधिर करणारी मलमंही टाळा. त्यांत लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं. जखमांवरून ते रक्तात लवकर शिरतं. लिग्नोकेन जास्त गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते. शिवाय घसा बधिर झाला की दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दात येताना लावायची, कोलीन सॅलिसिलेट असलेली जेलही अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातली, म्हणून ती नको. तोंडातल्या जखमा पुसून, घासून ‘साफ’ करण्याचीही गरज नाही. त्या आपल्या आपण भरतात. जखमेसाठी गारवा हेच सर्वांत सोपं आणि निर्धोक औषध आहे.

दिवसाचं गणित : थोडं, गार, पुन्हा पुन्हा

११ किलोच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून साधारण एक लिटर द्रव लागतो. यात दूध, पाणी, पेज, ताक, सगळं आलं. हा आकडा ऐकून आई घाबरते, कारण मुलगी एक कप दूधही पीत नसते. पण एका वेळी कपभर पाजायचंच नाही. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं वेदना कमी होते आणि पुढचे दोन-एक तास तोंड जरा बरं असतं. तेवढ्या वेळाचा उपयोग करायचा.

सईच्या घरी गुरुवारी असं करता येईल. सकाळी सातला पॅरासिटामॉल. पावणेआठला फ्रिजमधलं गार दूध वाटीत घेऊन बसायचं आणि दर पाच मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर द्यायचे. या गतीनं तासाला १२० मिलिलिटर होतं. दीड तासात १८० मिलिलिटर पोटात जातं, म्हणजे जवळजवळ पेलाभर, आणि तेही रडारड न होता. दुपारी एकला दुसरी मात्रा आणि पुन्हा तसाच दीड तास. संध्याकाळी सातला तिसरी. या तीन बैठकांतूनच अर्धा लिटरहून जास्त होतं. मधल्या वेळात दोन-चार घोट पाणी, थोडं दही, कुल्फीचा तुकडा, रात्री अंगावरचं दूध, असं करत बाकीचं पुष्कळसं भरून निघतं. चौथी मात्रा रात्री एकसाठी हाताशी ठेवायची. मूल शांत झोपलं असेल तर ती देण्यासाठी उठवायचं नाही.

बाटलीचं निपल ओढताना टाळूवर घासतं आणि नेमक्या तिथेच जखमा असतात. म्हणून हे चार-पाच दिवस बाटली बाजूला ठेवून वाटी-चमचा, छोटा पेला किंवा बोंडलं वापरा. मूल तोंड मिटून घेत असेल तर सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिचं टोक जिभेवर नाही, तर गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत ठेवून एकेक मिलिलिटर सोडा आणि गिळेपर्यंत थांबा. मूल रडत असताना, आडवं झोपवून किंवा नाक दाबून पाजू नका. ठसका लागतो, आणि पुढच्या वेळी चमचा पाहूनच ते तोंड फिरवतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजणं चालूच ठेवावं. दुखत असल्यामुळे ते एका वेळी कमी पितं, म्हणून जास्त वेळा छातीशी घ्यावं.

द्यायचं काय? जे गार, मऊ आणि बेचव म्हणावं इतकं सौम्य असेल ते. गार दूध, गोडसर दही, आंबट न झालेलं पातळ ताक, नाचणीचं सत्त्व गार करून, कमी मिठाची तांदळाची पेज गार करून, साबुदाण्याची खीर, कुस्करलेलं केळं, शहाळ्याचं पाणी. घरची दुधाची कुल्फी किंवा साधं आइस्क्रीमही चालतं. ‘तापात आइस्क्रीम दिलं तर छाती भरेल’ ही भीती इथे बाजूला ठेवा. गारव्यानं तोंड सुन्न होतं, आणि दूध-साखर पोटात जाते ती वेगळीच. लिंबू सरबत, मोसंबी-संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार, मीठ-तिखटाची आमटी आणि कडक टोस्ट-बिस्किटं मात्र नकोत. ती जखमेला झोंबतात. चार दिवस भात-पोळी-भाजी खाल्ली नाही तर काही बिघडत नाही. बरं झाल्यावर मूल ती कसर भरून काढतं. पाण्याची कसर मात्र तशी भरून काढता येत नाही.

ओआरएस प्रत्येकाला लागतंच असं नाही. मूल दूध-ताक घेत असेल तर तेच पुरे. दूधही घेत नसेल, उलट्या किंवा जुलाब होत असतील, तर ओआरएस द्यावं. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवतात, आणि छोटं पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. किती पाणी घ्यायचं ते पाकिटावर छापलेलं असतं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकू नका. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि मुलाला अपाय होतो. चवीसाठी वर साखरही घालू नका. ते गार करून दिलं तर खारटपणा कमी झोंबतो. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानात खोक्यांतून मिळणारी गोड पेयं ओआरएस नव्हेत. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्या.

पुरेसं पाणी जातंय, हे कळायचं कसं?

मूल किती प्यायलं याचा अंदाज दमलेल्या आईला नीट करता येत नाही. लघवी मात्र फसवत नाही. एका कागदावर वेळ लिहून ठेवा. चार ते सहा तासांत एकदा तरी लघवी होत असेल आणि ती फिकट पिवळी असेल, तर पाणी पुरेसं जातंय, मग पोटात दोनच वाट्या दूध गेलेलं असो. डायपरमध्ये हे कळत नाही, कारण आजकालची डायपर लघवी शोषून वरून कोरडीच लागतात. हे दिवस घरी कापडी लंगोट बांधा, किंवा डायपरच्या आत कागदी रुमालाची घडी ठेवा. ती ओली झालेली लगेच दिसते.

सहा तास होऊन गेले आणि लंगोट कोरडाच असेल, तर औषध देऊन चमच्यानं पाजण्याची एक बैठक मन लावून करा आणि डॉक्टरांना फोन करा. आठ तास झाले तरी लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, जीभ कोरडी पडली आहे, डोळे खोल गेले आहेत, मूल मलूल पडून आहे, यांतलं काहीही दिसलं तर घरी प्रयोग करत बसू नका. दवाखान्यात सलाइन लावलं की बहुतेक मुलं काही तासांतच टवटवीत होतात.

कधी थांबायचं नाही

या आजाराला अनेक विषाणू कारण असतात. त्यांत कॉक्सॅकी ए-१६ आणि ए-६ नेहमी भेटणारे आणि बहुधा सौम्य. एंटेरोव्हायरस-७१ हा मात्र क्वचित मेंदू आणि हृदयापर्यंत पोचतो. १९९८ साली तैवानमध्ये त्याच्या साथीत ७८ मुलं दगावली होती. आपल्याकडे असं फार क्वचित होतं. पण कोणत्या मुलाला कोणता विषाणू आहे हे पुरळ पाहून सांगता येत नाही, म्हणून पुढच्या खुणा प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात.

सर्वांत लवकर दिसणारी खूण म्हणजे झोपेतलं दचकणं. झोप लागता लागता एखादं बाळ एकदा हात उडवतं, ते नेहमीचंच. पण ताप असलेलं मूल पुन्हा पुन्हा, काही मिनिटांच्या अंतरानं सगळं अंग झटकून दचकत असेल, तर ते वेगळं. शक्य असेल तर मोबाइलवर त्याची छोटी चित्रफीत घ्या. डॉक्टरांना वर्णनापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. पण तिच्यासाठी निघायला उशीर करू नका. याखेरीज ताप तीन दिवसांपुढे जाणं किंवा १०२च्या वर चढून न उतरणं, वारंवार उलट्या, चालताना तोल जाणं, हातापायात थरथर किंवा अशक्तपणा, श्वास जोरात चालणं, हातपाय गार पडून घाम येणं किंवा कातडीवर निळसर जाळी दिसणं, मुलाला जागं करायला कष्ट पडणं. यांपैकी एक जरी दिसलं तरी, रात्रीचे दोन वाजले असले तरी, मुलांचा विभाग असलेल्या रुग्णालयात जायचं.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करा. लवकर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अंघोळ, फोड आणि घरातली बाकीची माणसं

अंगावर पुरळ आलं की काही घरांत मुलाला अंघोळ घालत नाहीत, औषधही बंद करतात. या आजारात तसं करण्याचं कारण नाही. कोमट पाण्यानं हलकी अंघोळ घाला, घासू नका, टॉवेलनं टिपून घ्या. फोड फोडू नका. आतल्या पाण्यातही विषाणू असतो आणि उघड्या जखमेत पू होण्याची भीती राहते. खाज असेल तर बाहेरच्या कातडीवर कॅलामाइन लावता येतं, तोंडाजवळ नाही. एखादा फोड लाल होऊन पसरत असेल, गरम लागत असेल किंवा त्यात पू दिसत असेल, तर दाखवा. अँटिबायोटिकची गरज अशाच वेळी पडते.

विषाणू लाळ, शेंबूड, फोडांतलं पाणी आणि विष्ठा यांतून पसरतो. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, पण विष्ठेतून पुढे कित्येक आठवडे. म्हणून मूल बरं झाल्यावरही शी धुतल्यानंतर साबण-पाण्यानं हात धुण्याची सवय महिनाभर तरी सोडू नका. सॅनिटायझरवर विसंबू नका, कारण या जातीचे विषाणू अल्कोहोलला सहज दाद देत नाहीत. खेळणी आधी साबणानं धुवा. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या पाच टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळून त्यात दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्यानं भरपूर विसळा. हे द्रावण संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पेला, चमचा, टॉवेल वेगळे ठेवा. मुलाच्या ताटलीतलं उरलेलं मोठ्या भावंडाला देऊ नका.

मोठ्या माणसांनाही लागण होऊ शकते. बहुतेकांना थोडी घसादुखी होते, काहींना मुलांसारखेच फोड येतात. घरात गरोदर बाई असेल आणि दिवस भरत आले असतील, तर तिनं आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. नवजात बाळाला आजारी भावंडापासून वेगळं ठेवावं. चीनमध्ये २०१५पासून एंटेरोव्हायरस-७१वर लस आहे, पण ती त्या एकाच प्रकारावर चालते आणि आपल्या लसीकरणात ती नाही.

पाळणाघरात कधी पाठवायचं? ताप उतरून औषधाशिवाय चोवीस तास झाले असतील, फोड सुकले असतील, लाळ गळणं थांबलं असेल आणि मूल नेहमीसारखं खात असेल तेव्हा. बहुधा याला आठवडा लागतो. पाळणाघराला आजाराचं नाव सांगा, लपवू नका. तिथल्या खेळण्यांची सफाई त्यामुळेच होते.

दोन गोष्टी नंतर दिसतात आणि घरच्यांना पुन्हा घाबरवतात. आठ-दहा दिवसांनी तळहात-तळपायाची कातडी सोलून निघते. आणि महिना-दीड महिन्यानं एखाद-दुसरं नख मुळापासून सुटून पडतं, त्याखाली नवं नख आधीच येऊ लागलेलं असतं. दोन्हींना औषध लागत नाही, दुखतही नाही. आणि हा आजार एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही असंही नाही. दुसऱ्या विषाणूमुळे पुढच्या पावसाळ्यात तो परत येऊ शकतो.

तेव्हा वजनाप्रमाणे ठरलेली पॅरासिटामॉलची मात्रा, फ्रिजमधलं गार दूध, वाटी-चमचा आणि लघवीच्या वेळा लिहायला एक कागद एवढी तयारी घरात असू द्या, आणि बालरोगतज्ज्ञांचा फोन नंबर व जवळच्या रुग्णालयाचा पत्ता त्याच कागदावर वरती लिहून ठेवा. लघवी होते आहे, ताप उतरतो आहे आणि मूल मधूनमधून खेळतं आहे, तोवर या आजाराची जागा घरीच आहे. यांतलं एक जरी बिनसलं, तर ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असं म्हणू नका, निघा.